वाऱ्याची वीज : भाग ९
जळलं काहीच नाही, मग कॉइल सैल कशी झाली?

हार्मोनिक्सवर या आठवड्यात लिहितो म्हणालो होतो. पण बेटम्याहून आलेल्या पत्राने आधी दुसरीकडे नेलं. पत्रलेखकांचं ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पवनचक्कीखालचा २.५ एमव्हीएचा, ६९० व्होल्ट/३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी उघडला. तेल स्वच्छ, कुठे जळल्याची खूण नाही, पण ३३ केव्हीच्या कॉइलवरचा दाब ढिला झालेला आणि प्रेसबोर्डचे स्पेसर सरकलेले. लोड कधी पूर्ण आलाच नव्हता. ‘मग हे हलवलं कोणी?’ असा त्यांचा प्रश्न.

माझा संशय इनरशवर आहे. कोअरमधला फ्लक्स व्होल्टेजच्या मागून येतो. व्होल्टेज शून्यावर असताना ब्रेकर लागला तर पहिल्या अर्ध्या चक्रात फ्लक्सला नेहमीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत जावं लागतं. नेहमीचं शिखर १.७ टेस्ला धरा, दुप्पट ३.४. त्यात मागच्या वेळी बंद करताना उरलेला अवशिष्ट फ्लक्स, समजा एक टेस्ला, त्याच दिशेचा निघाला तर ४.४ झाले. पत्रा जेमतेम दोन टेस्लापर्यंत साथ देतो. पुढचा फ्लक्स हवेतून न्यायचा म्हणजे करंट वाढवत न्यायचा. ३३ केव्हीला या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट ४४ अँपिअर. पहिलं इनरश शिखर त्याच्या शिखराच्या आठपट धरलं तर सुमारे ५०० अँपिअर होतं. तीन फेज एकदम लावताना एका तरी फेजला वाईट क्षण मिळतोच.

शॉर्टसर्किटमध्ये करंट याहून कितीतरी जास्त असतो, हे खरं. पण तिथे दोन्ही कॉइलमधून समोरासमोर अँपिअर-टर्न वाहतात. इनरश वाहतो एकट्या ३३ केव्हीच्या कॉइलमधून. समतोल साधायला समोर कोणी नाही. त्यामुळे कॉइलला वरून-खालून मध्याकडे दाबणारं बल येतं, आणि तेही करंट ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा. एका वेळेस काही होत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं की प्रेसबोर्ड बसतो आणि दाब कमी होतो. हा ढिलेपणा दोन टोकांना नको तितका वाढला की वेटोळ्यांचं इन्सुलेशन घासू लागतं.

तेलातल्या वायूंच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण गरम काहीच होत नाही. दिसलं तर एसएफआरएमध्ये दिसतं, आणि तेही सुरुवातीचा आलेख जपून ठेवला असेल तरच.

पवनचक्कीलाच हे जास्त का? कारण सगळा फीडर एकत्र जातो आणि एकत्र येतो. ग्रिड ट्रिप झालं की एका फीडरवरचे सगळे ट्रान्सफॉर्मर बंद. परत आलं की सगळे एकदम चालू. एकाच्या इनरशने शेजाऱ्याचा कोअर खेचला जातो आणि करंट ओसरायला जास्त वेळ लागतो. त्यात रिले ट्रिप झाला की घाईने पुन्हा लावतात. उतारा सरळ आहे: प्रत्येकाचा ब्रेकर वेगळा असेल तर एकामागून एक लावावा.

‘वारा नसताना रात्री बंदच ठेवला तर?’ असंही त्यांनी विचारलं आहे. नको. या ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड लॉस अडीच-तीन किलोवॅट; आठ तासांत वीस-चोवीस युनिट वाचतील. त्यासाठी रोज सकाळी एक इनरश घ्यायचा, आणि शिवाय कंट्रोलर, यॉ मोटर, हीटर यांचा पुरवठा त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतो.

आता उरलेल्या जागेत हार्मोनिक्स. जुन्या साध्या इंडक्शन जनरेटरच्या चक्क्यांना कन्व्हर्टर नव्हता. हा त्रास नव्या चक्क्यांचा. कॉइलमधला एडी लॉस हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो. पाचवा हार्मोनिक चार टक्के असेल तर २५ गुणिले ०.०४ चा वर्ग, म्हणजे एडी लॉस ४ टक्के वाढला. फारसं काही नाही. पण कन्व्हर्टर ३ किलोहर्ट्झला स्विच होतो आणि फिल्टरमधून एकच टक्का निसटला, असं धरा. क्रमांक ६०, वर्ग ३६००. वाढ ३६ टक्के! जाड फॉइलमध्ये वर्गाचा हा नियम वरच्या फ्रिक्वेन्सीला जरा जास्तच आकडा देतो, तरी दखल घ्यावी इतकी वाढ राहतेच. आणि उष्णता सगळीकडे सारखी वाटली जात नाही, ६९० व्होल्टच्या फॉइलच्या वरच्या-खालच्या कडेला साठते. तेलाचं तापमापक शांत असतं.

गंमत म्हणजे, बरेच पॉवर ॲनालायझर पन्नासाव्या हार्मोनिकपर्यंतच, म्हणजे २५०० हर्ट्झपर्यंतच मोजतात. फिल्टरचे कपॅसिटर म्हातारे झाले तरी रिपोर्टमध्ये टीएचडी सुंदरच येतो. पत्रलेखकांकडे असाच एखादा ट्रान्सफॉर्मर आला तर आधी फॉइलच्या कडा पाहाव्यात, आणि मग साइटवाल्यांना मीटरची वरची मर्यादा विचारावी. आयईसी ६००७६-१६ हे मानक खास पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरसाठीच आहे. पहिली आवृत्ती २०११ ची, दुसरी २०१८ ची. पुढच्या वेळी तेच उघडून बसू, आणि दोन कॉइलमधल्या अर्थ केलेल्या पडद्याविषयी बोलू.