शिट्टी गळ्यात, निशाण हातात

क्रीडाशिक्षकाच्या गळ्यातल्या शिट्टीचा आवाज साधारण तीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्टीत असतो. ज्यांना चांगलं ऐकू येतं त्यांच्या कानांना ही पट्टी सहज टिपता येते, म्हणून शिट्टी गर्दीतही ऐकू येते. श्रवणदोष असलेल्या अनेक मुलांचं मात्र नेमकं इथंच अडतं. कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा झालेली असेल, तर बहुतेक वेळा उंच पट्टीचं ऐकणं आधी जातं आणि खालच्या पट्टीचं बऱ्यापैकी टिकून राहतं. असं मूल ढोल वाजला की वळून बघतं, फाटकाबाहेरून ट्रक गेला तरी मान वळवतं आणि शिट्टीला मात्र हलत नाही. मग शिक्षक म्हणतात, "ढोल बरा ऐकू येतो याला! मुद्दामच करतोय."

तो मुद्दाम करत नसतो. मैदानावरचं सगळ्यात महत्त्वाचं साधनच त्याच्यासाठी मुकं असतं.

कानाला यंत्र लावलंय, मग काय अडचण, हा पुढचा प्रश्न. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण त्यातला कोणता हवा आणि कोणता नको, हे त्याला फारसं कळत नाही. शेजारच्या वर्गाचा कबड्डीचा गलका, रस्त्यावरचे हॉर्न, मायक्रोफोनवर घासणारा वारा, असं सगळं सोबतच वाढून कानात येतं. त्यात अंतराचा हिशेब असा, की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर स्पष्ट पोचणारं सरांचं बोलणं सोळा मीटरवर अठरा डेसिबलने खाली आलेलं असतं आणि गलका आहे तेवढाच राहतो. म्हणजे वर्गात पहिल्या बाकावर बसून उत्तरं देणारी मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली, तर तिला सरांचे फक्त ओठ हलताना दिसतात.

म्हणून कानाचं काम डोळ्यांवर टाकायचं. पण डोळे एका वेळी एकाच दिशेला बघतात. कानाला पाठीमागचं कळतं, डोळ्यांना कळत नाही. पुढची सगळी खटपट या एका मर्यादेभोवती फिरते.

पहिला प्रश्न शिक्षकाने कुठं उभं राहायचं, हा. सकाळच्या तासाला बहुतेक शिक्षक सवयीने सूर्याकडे पाठ करून उभे राहतात, कारण ऊन डोळ्यांवर येत नाही. त्यामुळे मुलांना दिसते ती चेहऱ्याच्या जागी काळी आकृती आणि भोवती लख्ख प्रकाश. ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलाचा तास तिथंच संपतो. शिक्षकाने स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, टोपीची कड वर करायची आणि मुलांच्या पाठीवर ऊन घ्यायचं. मुलं रांगेऐवजी अर्धवर्तुळात उभी असली, तर कुणाच्या डोक्याआड कुणी येत नाही. श्रवणदोष असलेल्या मुलाला बरोब्बर समोर उभं करण्यापेक्षा अर्धवर्तुळात जरा कडेला घेतलेलं बरं. तिथून शिक्षकही दिसतात आणि बाकीची मुलं काय करताहेत तेही. एवढं करूनही ओठांवर सगळा भार टाकता येत नाही. प, ब आणि म उच्चारताना ओठ जवळपास सारखेच मिटतात आणि क, ग ओठांवर दिसतच नाहीत.

दुसरी चूक त्याहून सर्रास होते. गोळा कसा धरायचा, पाय कुठं ठेवायचा हे शिक्षक करून दाखवतात आणि त्याच दमात बोलतही असतात: "कोपर वर, हनुवटी इकडे, आता वळा." ऐकू येणारं मूल पायाकडे बघत कानाने सूचना घेतं. दुसऱ्याला ठरवावं लागतं की पाय बघायचा की ओठ. एक बघितलं की दुसरं हुकतं. उपाय साधा आहे, पण जिभेला आवर घालावा लागतो. आधी काय बघायचं ते सांगायचं, मग तोंड मिटून कृती दाखवायची, ती संपल्यावर पुन्हा मुलांकडे बघून बोलायचं. कृती एकदा समोरून आणि एकदा बाजूने दाखवली, तर अर्धं बोलणं लागतच नाही. समजलं का, असं विचारण्यात अर्थ नाही. सगळी मुलं मान हलवतात, तसा तोही हलवतो. करून दाखव म्हटलं की खरं काय ते कळतं.

आता एक तास घेऊन बघू. समजा, सहावीचा वर्ग आहे, चाळीस मुलं, त्यात श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा. खेळ खो-खो. महाराष्ट्रातल्या शाळेत हा खेळ टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण थोडी मांडणी बदलली तर या मुलाला त्यात पूर्ण वाव आहे.

खो देताना नियमाने मागून हाताचा स्पर्श लागतो आणि तोंडाने 'खो' हा शब्दही लागतो. शब्द काढून टाकला तरी स्पर्श उरतो, ही या खेळाची जमेची बाजू. अडचण अशी, की पळतापळता बसलेल्याच्या खांद्याला ओझरता हात लागतो. ऐकू येणारा गडी शब्द आला नाही म्हणून बसून राहतो. हा मुलगा स्पर्शालाच खो समजून उठतो आणि फाऊल होतो. दोनदा असं झालं की तो खराखुरा खो मिळाल्यावरही क्षणभर थांबून खात्री करू लागतो आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. त्याचं उशिरा उठणं हे मंदपणाचं लक्षण नाही, खो संदिग्ध असल्याचं आहे.

तेव्हा सगळ्या संघासाठी खो एकच ठरवायचा: पूर्ण उघडा तळवा, दोन खांद्यांच्या मधोमध, एकदाच, ठामपणे. शब्द म्हणायचाच, पण उठायचं तळव्यावर. सामन्याआधी पाच मिनिटं आठही जणांना डोळे मिटून बसवावं आणि एकाने मागून फिरावं. कधी खांद्याला बोट लावावं, कधी नुसतं ओरडावं, कधी तळवा ठेवावा. तळव्यावर उठेल तोच बरोबर. या सरावात ऐकू येणारी मुलंच जास्त चुकतात, कारण त्यांचे पाय आवाजावर उठायला शिकलेले असतात. शिवाय या मुलाने दिलेल्या खोचा उच्चार अस्पष्ट आला, तरी पुढचा गडी अडखळत नाही.

त्याला बसवायचं कुठं? खो-खोत आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. मधल्या चौकातल्या मुलाला रांगेची दोन्ही टोकं बघायला मान सतत दोन्हीकडे फिरवावी लागते. पाठीमागे काय चाललंय, ते बाकीच्यांना आरडाओरड्यावरून समजतं, त्याला समजत नाही. खांबाजवळच्या शेवटच्या चौकात बसला, तर एकाच बाजूला मान वळवून सगळी रांग नजरेत येते. सुरुवातीला हीच जागा द्यावी. मग खेळ अंगात भिनला की मधल्या चौकात आणावं, नाहीतर वर्षभर तो खांबालाच बांधल्यासारखा राहतो.

आणि पंचाचं निशाण? ते एक असून चालत नाही. बसलेल्यांपैकी चौघांची तोंडं एका बाजूला, चौघांची दुसऱ्या बाजूला, म्हणजे एकीकडे निशाण उंचावलं तर अर्ध्या संघाच्या ते पाठीमागे होतं. म्हणून दोन्ही लांब बाजूंना एकेक जण उभा हवा, हातात भडक पिवळ्या किंवा भगव्या कापडाचं निशाण. हिरवं निशाण झाडांत हरवतं आणि पांढरं उन्हात. शिट्टी वाजली की दोन्ही निशाणं एकदम वर. शिट्टी बंद करायची गरज नाही. दुसऱ्या बाजूच्या निशाणासाठी दुखापतीमुळे न खेळणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला उभं करता येतं. किती मिनिटं उरली, हे ओरडण्याऐवजी गुणलेखकाने मोठा आकडा लिहिलेला पुठ्ठा धरावा. पळणाऱ्यांच्या पुढच्या तुकडीत हा मुलगा असेल, तर आत शिरायची वेळ त्याच्या जोडीदाराने हाताला धरून सांगावी.

मैदानभर पसरलेल्या खेळांत थांबण्याची खूण पोचवायला साखळी उपयोगी पडते. शिक्षकाने हात सरळ वर केला की बघणाऱ्याने थांबून स्वतःचा हात वर करायचा. त्याला बघून तिसऱ्याने, मग चौथ्याने. खूण नेहमी एकच असावी आणि तिचा अर्थही एकच. हाच हात 'या इकडे'साठीही वापरला, की चार दिवसांत तिच्याकडे कुणी बघत नाही.

शर्यतीचं मात्र वेगळं आहे. तिथं सेकंदाच्या शंभराव्या भागाचा प्रश्न असतो. माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, त्यामुळे बाकीचे शिट्टीवर आणि एकटा निशाणावर निघाला तर तो सुरुवातीलाच मागे पडतो. त्याहून वाईट म्हणजे निशाणही नसतं, तेव्हा तो शेजारच्याचे पाय हलले की पळतो. एखादं मूल प्रत्येक शर्यतीत सगळ्यात शेवटी निघत असेल आणि निघण्याआधी त्याची नजर बाजूला जात असेल, तर तो खूण बघत नाहीये, शेजाऱ्याला बघतोय. म्हणून सगळ्यांनाच निशाणावर सोडावं. निशाण देणारा पुढे आणि कडेला, सगळ्या धावपटूंना दिसेल असा उभा राहावा आणि वर धरलेलं निशाण झटक्यात खाली आणावं. सावकाश उतरणाऱ्या निशाणाची नेमकी सुरुवात कुठं, हे ज्याचं तो ठरवतो. 1924 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या आणि आज डेफलिंपिक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत यासाठी दिवे असतात: लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे पळा. तिथं खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवणं सक्तीचं असतं, त्यामुळे सगळे एका पातळीवर येतात.

शाळेतही कबड्डी किंवा कुस्तीच्या वेळी यंत्र उतरवणं शहाणपणाचं, आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग तर नक्कीच. डोक्याला जोरदार मार बसेल असे खेळ इम्प्लांट असलेल्या मुलाने खेळावेत की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. यंत्र काढलं की उरलंसुरलं ऐकणंही जातं, म्हणून काढण्यापूर्वीच सगळ्या सूचना देऊन झालेल्या असाव्यात. यंत्र खिशात नको, झाकणाच्या डबीत आणि सावलीत ठेवावं. परत लावण्याआधी कानामागचा घाम पुसावा, कारण यंत्रं घामानेही बिघडतात.

एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच असतं, आणि श्रवणदोषासोबत काही मुलांत तेही कमजोर असतं. असं मूल लंगडीत चार उड्या मारून पाय टेकतं आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की जास्तच धडपडतं, कारण दिवसा ते डोळ्यांच्या आधाराने तोल सावरत असतं. एका पायावर आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून उभं राहायला सांगावं, शेजारी कुणीतरी धरायला हवं. उघड्या डोळ्यांनी बरा उभा राहणारा मुलगा डोळे मिटताच, बरोबरीच्या मुलांच्या मानाने फारच लवकर कोलमडत असेल, तर ते पालकांच्या कानावर घालावं आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगावं. तोवर त्याला लंगडीतून काढू नये, पण उंच पट्टीवर चालणं आणि दोरावर चढणं मात्र थांबवावं.