चलनाचा दंड भरणे म्हणजे काय कबूल करणे?

महामार्गावरील कॅमेऱ्याने टिपलेले चलन दूरध्वनीवर आले की दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या रक्कम भरून मोकळे व्हावे, अशी आपल्या व्यापारी बंधूंची सर्वसाधारण रीत आहे. न्यायालयात एक दिवस घालविण्यापेक्षा हजार रुपये गेलेले बरे, हा हिशेब वरवर पाहता बरोबरच वाटतो. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या चलनांवर निम्मी सूट दिली, तेव्हा अनेकांनी चलन न वाचताच पैसे भरले. परंतु त्या पैशांबरोबर आपण काय देऊन बसतो, याचा विचार क्वचितच होतो.

रस्त्यावर किंवा संगणकावरून जी रक्कम भरली जाते तिला कायद्यात तडजोड शुल्क म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे ते भरले की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. ही न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे, म्हणून तिला दोषसिद्धी म्हणता येत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने या कलमास एक परंतुक जोडले गेले आहे. पुढे तोच गुन्हा घडल्यास तो दुसऱ्यांदा घडला की काय हे ठरविताना, तडजोड झालेला गुन्हा पूर्वी घडलेलाच मानावयाचा. म्हणजे खटला मिटला, तरी गणती राहिली.

एक उदाहरण घेऊ. समजा, निपाणीच्या एका व्यापाऱ्याचा लहान टेंपो पुणे-बेंगळूर महामार्गावरून जात असता, ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या जागी ताशी ९३ किलोमीटर वेगाने धावला, असे चलन आले. हलक्या वाहनास या गुन्ह्याचा दंड १,००० ते २,००० रुपये आहे. मालकाने चालकाला न विचारताच हजार रुपये भरले. वर्षभराने तोच चालक पुन्हा पकडला गेला. कलम १८३ प्रमाणे वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्यात चालकाचे लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते, व चालकाचे म्हणणे ऐकून तो अधिकारी ते काही काळ स्थगितही करू शकतो. पहिले चलन त्या चालकाच्या नावावर नोंदले गेले असेल, तर मालकाने सोयीसाठी भरलेल्या हजार रुपयांची झळ त्या गरिबाच्या पोटाला बसते. निदान भरण्यापूर्वी त्याला विचारावे.

मग हरकत केव्हा घ्यावी? चलनावरील छायाचित्र प्रथम नीट पाहावे. गाडी आपलीच आहे काय, क्रमांकाचा एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे काय, त्या वेळी गाडी कोठे होती? माल उतरविल्याची पावती, टोलची नोंद, काट्याची चिठ्ठी हे कागद येथे उपयोगी पडतात. वेगाच्या बाबतीत कायद्याचे आणखी एक संरक्षण आहे. एका साक्षीदाराच्या केवळ अंदाजावरून शिक्षा देता येत नाही. तो अंदाज यंत्राने मोजलेला असावा लागतो, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे अशा यंत्राचे अचूकतेचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. ते प्रमाणपत्र मागण्यात काही गैर नाही. हरकतीची रीत व मुदत चलनावर असते. ती चुकवू नये. मात्र गाडी आपली, वेगही खरा, असे असेल तर वकिलाची फी व बुडालेला दिवस धरून हरकत महागच पडते, आणि न्यायालय कमाल दंडही करू शकते.

न्यायालयात उभे राहिल्यावर न्यायाधीश आरोप सांगून गुन्हा कबूल आहे काय असे विचारतात, आणि होकार शक्य तितका आरोपीच्याच शब्दांत नोंदवितात. येथील कामकाज कानडीत चालते. मराठी घरातील माणूस घाईने मान डोलावतो आणि लगेच दोषी ठरतो. आरोप समजला नाही असे स्पष्ट सांगून तो समजावून घेण्याचा त्याला हक्क आहे.

याहून मोठा धोका अपघाताच्या खटल्यात आहे. बेदरकारपणे वाहन चालविल्याचा भारतीय न्याय संहितेखालील आरोप तडजोड शुल्काने मिटत नाही; तो न्यायालयातच जातो. दंड एक हजारापर्यंतच आहे असे पाहून चालक गुन्हा कबूल करून सुटतो. पुढे जखमी सायकलस्वार भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो, आणि तीच कबुली चालकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे येते. न्यायाधिकरण केवळ तिच्यावर निकाल देण्यास बांधलेले नसते, परंतु ती का दिली हे पटवून देण्याचे ओझे आता आपल्यावर येते. विमा चालू असेल तर बहुधा कंपनी पैसे भरते. विमा संपला असेल, तर लाखांची रक्कम मालकाच्या खात्यातून जाते, आणि ती कबुली देताना मालक न्यायालयात हजरही नसतो.