पगार पंधरा हजार, खर्च वीस हजार

पेढीवर नवा माणूस ठेवताना व्यापाऱ्याच्या मनात एकच आकडा असतो, तो म्हणजे महिन्याचा पगार. ‘पंधरा हजारांत मुलगा मिळाला’ असे सांगून तो वर्षाचा खर्च एक लाख ऐंशी हजार धरतो आणि त्याच आधारावर धंद्याचे गणित मांडतो. पण वर्षअखेरीस ताळेबंद समोर येतो, तेव्हा पगाराचे खाते जुळते आणि नफ्याचे मात्र जुळत नाही. मधली रक्कम कोठे गेली, हे कळण्यासाठी एका माणसाचा पूर्ण वर्षाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहणे आवश्यक असते.

नमुन्यादाखल सांगलीतील पाइप आणि विजेच्या सामानाची एक घाऊक पेढी घेता येईल. तिथे 24 माणसे कामाला आहेत. बिले करण्यासाठी एक नवा तरुण 15,000 रुपयांवर ठेवला आहे आणि ही सर्व रक्कम मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून आहे. वर्षाचा पगार 1,80,000 रुपये झाला.

त्यावर पहिली भर पडते भविष्यनिर्वाह निधीची. मालकाचा हिस्सा वेतनाच्या 12 टक्के असतो. त्याखेरीज ठेवसंलग्न विम्यासाठी अर्धा टक्का आणि प्रशासकीय आकार म्हणून अर्धा टक्का द्यावा लागतो. 13 टक्क्यांप्रमाणे महिन्याला 1,950 आणि वर्षाला 23,400 रुपये होतात. वेतन 21,000 रुपयांच्या आत असल्याने राज्य कर्मचारी विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. तिचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे 5,856 रुपये.

दिवाळीचा बोनस ही मालकाची खुशी आहे, असा समज अनेक पेढ्यांवर आढळतो. वस्तुतः किमान बोनस 8.33 टक्के ठरलेला आहे आणि 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या रकमेचा बारावा भाग. कायद्याची आकारणी पूर्ण पगारावर न होता मर्यादित वेतनावर होते, हे खरे. परंतु आपल्याकडे एक पूर्ण पगार देण्याचाच प्रघात असल्याने येथे 15,000 रुपये धरणे योग्य. कामगार कल्याण निधीचे वर्षाचे 150 रुपये आणि चहापाणी, गणवेश, मोबाइलचा आकार यांचे महिना 1,000 रुपये धरले, तर आणखी 12,150 रुपयांची भर पडते.

उरली ग्रॅच्युइटी. ती त्या वर्षी द्यावी लागत नाही, म्हणून हिशेबात येतच नाही. 1972 च्या कायद्यापासून चालत आलेले सूत्र असे आहे: शेवटच्या वेतनाला 26 ने भागावे, 15 ने गुणावे आणि सेवेच्या पूर्ण वर्षांनी गुणावे. 15,000 रुपयांवर एका वर्षाची ही रक्कम 8,654 रुपये होते.

सर्व मिळून बेरीज 2,45,060 रुपये होते. महिन्याला सुमारे 20,400 रुपये. म्हणजे ठरलेल्या पगारापेक्षा 36 टक्के अधिक.

हा माणूस प्रत्यक्ष कामावर किती दिवस येतो, तेही पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार साप्ताहिक सुट्टीचे 52 दिवस, सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या, 8 नैमित्तिक रजा आणि दर 20 दिवसांच्या कामामागे एक याप्रमाणे सुमारे 14 अर्जित रजा वजा केल्या, तर 283 दिवस उरतात. पगार 30 दिवसांवर वाटला तर रोज 500 रुपयांचा वाटतो. पूर्ण खर्च कामाच्या दिवसांवर वाटला, तर तोच रोज 866 रुपयांचा होतो. पेढीला मालावर 10 टक्के सुटत असतील, तर केवळ या एका नेमणुकीची भरपाई होण्यासाठी वर्षाला साडेचोवीस लाखांची जादा विक्री व्हावी लागेल, अथवा तेवढ्या किमतीचा मालकाचा वेळ मोकळा झाला पाहिजे.

या हिशेबात दोन ठिकाणी बहुधा घोटाळा होतो. पहिले ठिकाण बोलणीचे. मालक 15,000 म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कपातीपूर्वीचा पगार असतो, तर तरुण ऐकतो हातात पडणारी रक्कम. त्याच्या वेतनातून भविष्यनिर्वाह निधीचे 1,800, ईएसआयचे 113 आणि व्यवसायकराचे 200 रुपये कापले गेले, की हातात 12,887 रुपये येतात. पहिल्याच महिन्यात मन दुखावते. मग शब्द राखण्यासाठी मालक 2,113 रुपयांचा फरक स्वतः सोसतो आणि वर्षाच्या खर्चात आणखी 25,356 रुपये जातात. काही जण उलट वाट धरतात आणि मालकाचा हिस्साही कामगाराच्या पगारातून वळता करतात. कायद्याने ते निषिद्ध आहे. बोलणीच्या वेळीच कपातीपूर्वीचा पगार आणि हातातील रक्कम असे दोन्ही आकडे लिहून दिले, तर हा प्रसंगच उद्भवत नाही.

दुसरे ठिकाण ग्रॅच्युइटीचे. पगारवाढ होते, तेव्हा मागील सर्व वर्षांची देणी नव्या दराने वाढतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. समजा, हाच तरुण 20 वर्षे टिकला, पुढे पेढीचा मुनीम झाला आणि निवृत्तीच्या वेळी त्याचे वेतन 28,000 रुपये आहे. त्याची ग्रॅच्युइटी 3,23,077 रुपये होईल. मालकाने दरवर्षी 8,654 रुपयेच बाजूला ठेवले असतील, तर मुद्दल 1,73,080 एवढेच साठेल. व्याज मिळाले तरी वाढत्या वेतनाचा मागोवा ते घेईलच असे नाही. म्हणून बाजूला काढायची रक्कम दर वेतनवाढीनंतर नव्याने मोजावी. आयुर्विमा महामंडळाच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेसारख्या मान्यताप्राप्त निधीत ती भरली, तर आयकरात वजावटही मिळते. वहीत नुसती तरतूद लिहून ती मिळत नाही.

शेवटी एक मर्यादा सांगणे भाग आहे. भविष्यनिर्वाह निधीची सक्ती 20 माणसांपासून आणि ग्रॅच्युइटीची 10 पासून आहे. म्हणून 19 माणसांच्या पेढीवर विसावा माणूस घेताना केवळ त्याचा खर्च मोजून चालत नाही. सर्वांचे वेतन 15,000 धरले, तर त्या एका नेमणुकीने विसांचा मिळून वर्षाला 4,68,000 रुपयांचा निधीचा भार येतो. त्यानंतर माणसे कमी झाली तरी तो भार उतरत नाही, आणि शाखा व विभाग वेगळे दाखविले तरी आस्थापना एकच मोजली जाते. विसाव्या माणसाला होकार देण्यापूर्वी सर्व वीस जणांचा हिशेब मांडावा आणि त्यानंतरच पगाराचा शब्द द्यावा.