विझणारा सिग्नल आणि टिकणारा सिग्नल

१०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरलेला आहे. त्याच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रोध जोडला, की तो रिकामा होऊ लागतो. पहिल्या सेकंदाअखेर व्होल्टेज ५ वरून १.८४ वर येतं, दुसऱ्या सेकंदाअखेर ०.६८ वर, तिसऱ्याअखेर पाव व्होल्टवर. दर सेकंदाला आधीच्या जेमतेम ३७ टक्के उरतं. गणिताप्रमाणे ते कधीच पूर्ण शून्य होत नाही. मात्र थोड्याच वेळात इतकं क्षीण होतं, की मीटरला दिसेनासं होतं.

शेजारी दुसरं सर्किट आहे. तेवढाच १० किलोओहमचा रोध, पण कपॅसिटरऐवजी ५ व्होल्टचा पुरवठा आणि मध्ये एक स्विच. स्विच दाबेपर्यंत रोधावर शून्य व्होल्ट, दाबल्यावर ५, आणि त्यानंतर कायम ५. आलेख काढला तर एकच पायरी दिसते.

अभियांत्रिकीच्या अभ्यासात पहिल्याला घातांकी क्षय पावणारा सिग्नल म्हणतात. दुसऱ्याची उंची १ घेतली की त्याला ‘युनिट स्टेप’, म्हणजे एकक पायरी, म्हणतात. शून्यापासून एकदम चढून तिथेच राहणारं हे फलन ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) या इंग्रज संशोधकाच्या नावाने ओळखलं जातं. शालेय शिक्षणानंतर तो तारयंत्राच्या कामाला लागला होता, आणि तारेच्या एका टोकाला अचानक व्होल्टेज दिलं तर दुसऱ्या टोकाला काय पोचतं, हा त्या धंद्यातला रोजचा प्रश्न होता.

या दोन सिग्नलांना एकच साधा प्रश्न विचारायचा आहे: तू ‘किती मोठा’ आहेस? दोघांची कमाल उंची ५ व्होल्टच आहे, म्हणून उंची सांगून भागत नाही. पहिला लगेच विझतो, दुसरा संपत नाही, आणि हा फरक पकडणारं माप आपल्याला हवं आहे.

वर्ग करा, मग बेरीज करा

रोधात दर क्षणी किती उष्णता निर्माण होते, हे व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. प्रत्येक ठिकाणी रोध वेगळा असल्यामुळे सिग्नलच्या अभ्यासात रोध १ ओहम धरायचा संकेत आहे. मग दर क्षणाची शक्ती म्हणजे नुसता सिग्नलचा वर्ग. सगळ्या काळावर त्या वर्गाची बेरीज केली, म्हणजे संकलन केलं, की सिग्नलची ऊर्जा मिळते:

E = ∫ x²(t) dt, t = −∞ ते +∞

दुसरं माप सरासरीचं आहे. शून्य वेळेच्या दोन्ही बाजूंना T सेकंदांची, म्हणजे एकूण 2T सेकंदांची खिडकी घ्यायची, तिच्यातली ऊर्जा 2T ने भागायची आणि मग खिडकी अमर्याद रुंद करत न्यायची. भागाकार ज्या आकड्याकडे जातो, ती सिग्नलची सरासरी शक्ती P.

E शून्याहून मोठी आणि सांत असेल, तर तो ऊर्जा सिग्नल. P शून्याहून मोठी आणि सांत असेल, तर तो शक्ती सिग्नल. दोन्ही एकाच वेळी असणं शक्य नाही. एकूण ऊर्जा सांत असेल, तर तिला वाढत्या वेळाने भागत गेल्यावर हाती शून्यच येतं. उलट, सरासरी शक्ती शून्याहून मोठी असेल, तर अनंत काळाची बेरीज अनंतच होणार.

कपॅसिटरचा हिशेब

कपॅसिटर आणि रोध यांचा गुणाकार इथे बरोबर १ सेकंद येतो, म्हणून व्होल्टेज 5e^(−t) असं लिहिता येतं. त्याचा वर्ग 25e^(−2t). घातांकातल्या २ कडे लक्ष द्यायला हवं: व्होल्टेज ज्या गतीने विझतं, त्याच्या दुप्पट गतीने त्याचा वर्ग विझतो. शून्यापासून अनंतापर्यंत संकलन केलं की २५ भागिले २, म्हणजे १२.५ मिळतात.

हा आकडा खरा आहे का, हे ताडून पाहता येतं. १२.५ ला प्रत्यक्ष रोधाने, म्हणजे १०,००० ने भागलं की १.२५ मिलिज्यूल. कपॅसिटरमध्ये सुरुवातीला साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, याच्या निम्मी: तीही १.२५ मिलिज्यूल. साठा होता तेवढाच रोधात खर्च झाला. सिग्नलची ऊर्जा सांत येते, कारण तिच्यामागचा साठाच मोजका आहे.

आता सरासरी शक्ती. १० सेकंद मागे आणि १० सेकंद पुढे अशी खिडकी घेतली तर १२.५ भागिले २०, म्हणजे ०.६२५. हजार सेकंदांची दोन्हीकडे घेतली तर ०.००६२५. खिडकी रुंदावत नेली की हे शून्याकडे जातं. तेव्हा हा ऊर्जा सिग्नल.

पायरीचा हिशेब

५ व्होल्टच्या पायरीचा वर्ग स्विच दाबल्यानंतर कायम २५. दहा सेकंदांत बेरीज २५०, हजार सेकंदांत २५,०००; ती कुठेच थांबत नाही. ऊर्जा अनंत. सरासरी मात्र शिस्तीत येते: २५० भागिले २० म्हणजे १२.५, आणि २५,००० भागिले २००० म्हणजेही १२.५. खिडकी कितीही रुंद करा, आकडा हलत नाही. हा शक्ती सिग्नल.

दोन्हीकडे १२.५ आले, आणि इथेच विद्यार्थी फसतात. एकक उंचीच्या उदाहरणातही तसंच होतं: e^(−t) ची ऊर्जा १/२ आणि युनिट स्टेपची शक्तीही १/२. पण हे दोन ‘निम्मे’ वेगवेगळ्या कारणांनी येतात. कपॅसिटरच्या बाजूचं निम्मं वर्गाच्या दुप्पट गतीमुळे येतं. पायरीच्या बाजूचं निम्मं येतं ते निम्मी खिडकी रिकामी असल्यामुळे, कारण स्विच दाबण्यापूर्वीच्या वेळातही आपण सरासरी वाटतो. पडताळा सोपा आहे. कपॅसिटर २०० मायक्रोफॅरडचा घ्या. क्षयाला दुप्पट वेळ लागेल आणि ऊर्जा २५ होईल. पायरीची शक्ती १२.५ च राहील, कारण तिथे कपॅसिटर नाहीच. शिवाय एक आकडा व्होल्टवर्ग-सेकंदांत आहे, दुसरा नुसत्या व्होल्टवर्गांत.

परीक्षेत हमखास दिसणारी चूक पायरीच्या या निम्म्यातूनच येते. खिडकी शून्यापासून सुरू करून T ने भागलं, की उत्तर २५ येतं. स्विच चालू असतानाचीच सरासरी हवी असेल, तर ते बरोबरही आहे. पण व्याख्या सगळ्या काळाची सरासरी मागते, आणि त्यात स्विच बंद असतानाचा काळही धरावा लागतो.

खिडकी दुप्पट केली तर?

सूत्र न मांडताही वर्गीकरण ओळखायची एक रीत आहे. ठरावीक वेळापर्यंतची ऊर्जा काढा, मग वेळ दुप्पट करून पुन्हा काढा. कपॅसिटरच्या बाबतीत १, २, ४ आणि ८ सेकंदांपर्यंतच्या बेरजा अनुक्रमे १०.८, १२.३, १२.४९६ आणि १२.५० येतात. बेरीज स्थिरावली, म्हणजे ऊर्जा सिग्नल. पायरीच्या बेरजा २५, ५०, १००, २०० अशा दरवेळी दुप्पट होतात. वेळेच्या प्रमाणात बेरीज वाढते, म्हणजे शक्ती सिग्नल.

काही सिग्नल या दोन्हींत बसत नाहीत. वेळेसोबत सरळ चढत जाणाऱ्या उताराची बेरीज दर दुपटीला आठपट होते. त्याची ऊर्जाही अनंत आणि शक्तीही. १ सेकंदापासून पुढे 1/√t प्रमाणे उतरणारा सिग्नल उलट बाजूने निसटतो. तो शून्याकडे जातो खरा, पण इतका सावकाश, की दर दुपटीला बेरजेत तेवढीच भर (०.६९) पडत राहते. ती कधी स्थिरावत नाही आणि वेळेच्या प्रमाणातही वाढत नाही: ऊर्जा अनंत, शक्ती शून्य. सिग्नल शून्याकडे गेला म्हणजे तो ऊर्जा सिग्नल झालाच, असं नसतं; पुरेशा वेगाने जावा लागतो.

आपला कपॅसिटरही एका बारीक दुर्लक्षाने या तिसऱ्या गटात जातो. 5e^(−t) हे सूत्र फक्त t = 0 नंतरच लागू आहे, हे लिहायचं राहिलं तर काय होतं पाहा: मागे जाताना तेच सूत्र फुगत जातं आणि १० सेकंदांपूर्वी कपॅसिटरवर एक लाख दहा हजार व्होल्ट असल्याचं सांगतं. अशा सिग्नलची ऊर्जाही सांत नाही आणि शक्तीही. म्हणून पुस्तकांत क्षयाच्या सूत्रापुढे पायरी गुणून e^(−t)u(t) असं लिहितात. तो u(t) शून्याआधीचा सगळा काळ पुसून टाकतो.

सरासरीला काय दिसत नाही

आता तिसरं सर्किट. रिकामा कपॅसिटर त्याच रोधातून ५ व्होल्टला जोडला. त्याच्यावरचं व्होल्टेज एकदम न चढता 5(1 − e^(−t)) असं हळूहळू चढतं. म्हणजे पायरीतून क्षय वजा केला. याची शक्ती किती? १० सेकंदांच्या खिडकीत १०.६, १०० सेकंदांच्या खिडकीत १२.३, हजाराच्या खिडकीत १२.४८, अखेरीस पुन्हा १२.५. एकदम चढलेली पायरी आणि रेंगाळत चढलेली पायरी यांत सरासरी शक्तीला काहीच फरक दिसत नाही. शक्ती सिग्नलमध्ये कोणताही ऊर्जा सिग्नल मिसळा किंवा वजा करा, अनंत काळाच्या सरासरीत तो बुडून जातो. स्विच दाबताक्षणी काय घडलं हेच ज्याला तपासायचं आहे, त्याच्या कामी P येत नाही. त्याने दोन सिग्नलांतला फरक काढून त्या फरकाची ऊर्जा मोजावी. इथे ती तीच १२.५ येते.

अनंतकाळ चालू राहणारा पुरवठा अर्थातच कुठे नसतो. बॅटरी संपते, स्विच बंद होतो, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर काही सेकंदच मावतात. काटेकोरपणे पाहिलं तर प्रत्यक्षातला प्रत्येक सिग्नल ऊर्जा सिग्नलच ठरेल. तरीही पायरीला शक्ती सिग्नल मानतात, कारण निरीक्षणाच्या काळात तिचा शेवट दिसत नाही, आणि बेरजेचा आकडा सिग्नलपेक्षा निरीक्षकाने किती वेळ पाहिलं त्याबद्दलच जास्त सांगतो. हा निर्णय पुढचं गणितही ठरवतो. कोणत्या वारंवारतेत किती वाटा आहे हे काढताना ऊर्जा सिग्नलसाठी एकूण ऊर्जेची वाटणी करतात, शक्ती सिग्नलसाठी सरासरी शक्तीची. न विझणाऱ्या आणि ठरावीक काळाने आवर्तनही न होणाऱ्या सिग्नलांसाठी ही दुसरी वाटणी पक्क्या पायावर उभी केली ती नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने, १९३० च्या आपल्या प्रदीर्घ शोधनिबंधात. तेव्हा एखाद्या नोंदीचं विश्लेषण सुरू करण्याआधी तिचा वेळ दुप्पट करून बेरीज पाहावी: स्थिरावली तर एकूण सांगावं, दुप्पट झाली तर दर सांगावा, आणि दोन्ही झालं नाही तर दोन्ही आकडे बाजूला ठेवून आधी सूत्र तपासावं.