कुत्र्याचं विष नेमकं कोणत्या नसेतून चढतं?

यावल-चोपड्याकडच्या केळीच्या बागेत पहाटे मोटर सुरू करायला गेलेल्या माणसाच्या पोटरीला कुत्रं चावलं, की पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. सोबतचा एक जण गुडघ्याखाली रुमाल करकचून बांधतो. दुसरा तंबाखूची डबी उघडून बोटभर चुना जखमेत दाबतो. घरी पोहोचल्यावर त्यावर लाल तिखट पडतं. ओट्यावरचे आबा विचारतात, कुत्रं कोणाचं होतं? शेजारच्याचंच, असं कळल्यावर निकाल लागतो: "काही व्हत नही भो, कुत्रं तं घरनं शे."

रुमाल बांधणाऱ्याच्या डोक्यात साप असतो. सापाचं विष वर चढतं, तसंच कुत्र्याचंही चढत असणार, असा त्याचा हिशोब. आपली भाषाही त्याला साथ देते, कारण रक्त वाहतं तीही आपल्याकडे 'नस' आणि पाय मुरगळल्यावर आखडते तीही 'नस'. डॉक्टर म्हणाले की रेबीज नसेतून मेंदूकडे जातो, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हातावरची हिरवी-निळी रक्तवाहिनी येते. इथेच गाडी चुकते. रेबीजचा विषाणू रक्तावाटे मेंदूत जात नाही. तो जातो मज्जातंतूंतून, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यापासून स्नायू-कातडीपर्यंत पसरलेल्या त्या पांढुरक्या तारांमधून. म्हणून रुमालाने त्याची वाट अडत नाही, उलट पायाचा रक्तपुरवठा तुटतो. आणि म्हणूनच "रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं" या वाक्यालाही काही अर्थ नाही. चावल्यानंतरच्या दिवसांत रेबीज झाला आहे की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी अस्तित्वातच नाही. तो तिथे नसतोच, मग सापडणार कसा?

पोटरीतल्या त्या जखमेत नेमकं काय घडतं? कुत्र्याच्या लाळेतून विषाणू मांसात उतरतो. बहुतेक वेळा तो आधी तिथल्या स्नायूंत रेंगाळतो, थोडा वाढतो. कधी काही तास, कधी काही आठवडे. मज्जातंतूचं टोक स्नायूला जिथे भिडलेलं असतं, तिथे त्याला आत शिरायला जागा मिळते. एकदा आत गेला की त्याला स्वतः पोहावं लागत नाही. मज्जातंतूच्या आत टोकाकडून मुळाकडे माल वाहून नेणारी पेशीची स्वतःची व्यवस्था सतत चालू असते, तिच्यावर तो स्वार होतो. पोटरीच्या स्नायूला हलवणाऱ्या पेशीचं मूळ पाठीच्या कण्यात, साधारण बरगड्या संपतात त्या उंचीवर असतं. तिथपर्यंतचं अंतर ऐंशी-नव्वद सेंटीमीटर. विषाणूचा वेग वेगवेगळ्या अभ्यासांत दिवसाला एक-दोन सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत मोजला गेला आहे. दिवसाला 5 सेंटीमीटर धरले तर कण्यापर्यंत सोळा-अठरा दिवस, 2 धरले तर जवळपास दीड महिना. कण्यात शिरल्यावर मात्र मेंदू फार लांब राहत नाही. स्नायूत रेंगाळण्याचे दिवस यात मिळवले, की चावल्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने का जातात हे उमगतं. क्वचित आठवड्याभरातही लक्षणं दिसतात, क्वचित वर्षही उलटतं.

आता चावा पोटरीला नाही, ओट्यावर खेळणाऱ्या चार वर्षांच्या पोरीच्या गालाला आहे असं धरा. गालापासून मेंदूच्या देठापर्यंत काही सेंटीमीटरच. शिवाय चेहऱ्यात आणि बोटांच्या टोकांत मज्जातंतूंचं जाळं दाट, त्यामुळे शिरायला दारंही जास्त. कुत्रं तेच, दातही तेच, पण हातातला वेळ कितीतरी कमी. लहान मुलांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या चेहऱ्याशी येतं. दवाखान्यात गाल, मान, डोकं किंवा हाताचा पंजा चावलेल्या माणसाला आधी घ्या म्हणतात ते यासाठी.

हे अंतर आणि वेळ ध्यानात घेतली की साबणाचं काम कळतं. चुन्यापेक्षा साबण भारी का? रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं. साबण चरबी विरघळवतो, आणि आवरण फुटलेला विषाणू मज्जातंतूत शिरू शकत नाही. साबण महागडा लागत नाही, कपड्यांची वडीही चालते. वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून 15 मिनिटं. हे 15 मिनिटं प्रकरण ऐकायला सोपं, करायला कंटाळवाणं. बहुतेक जण दोन मिनिटांत जखम पुसून मोकळे होतात. दात खोल गेलेले असतात, वरवर पाणी मारून आतली लाळ निघत नाही. जखमेच्या तोंडातून पाणी आत-बाहेर खेळलं पाहिजे. शेतात असाल तर मोटरच्या पाइपचं पाणी आहेच. घासणीने खरडायचं मात्र नाही. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि जखम उघडी ठेवायची.

चुना आणि तिखट उलटं काम करतात. त्यांनी ऊती भाजतात, जखम आणखी फाटते, नवे तंतू उघडे पडतात, आणि आग होते म्हणून माणूस धुणंच टाळतो. आधीच तिखट भरलं असेल तर घाबरू नका, तेही साबणाने धुऊन काढा. टाक्यांचंही तसंच. सुई जखमेच्या आतून फिरते, तेव्हा लाळ खोल ढकलली जाऊ शकते. चेहऱ्यावर टाके घालावेच लागले तर आधी जखमेत सीरम, नंतर थोडे सैल टाके.

या सीरमबद्दल गावात सगळ्यात जास्त घोळ आहे. लस आणि सीरम एकच, असं समजून लोक "इंजेक्शन घेतलं" म्हणत घरी येतात. लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, आणि ती पुरेशी व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढ्या दिवसांत विषाणू दारात शिरलेला असू शकतो. मधला काळ भरून काढायला तयार प्रतिपिंडं थेट जखमेत आणि तिच्या भोवताली टोचतात. तेच सीरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. आपल्या 60 किलोच्या गड्याला घोड्यापासून बनवलेलं सीरम द्यायचं तर किलोमागे 40 युनिट, म्हणजे 2,400 युनिट, साधारण 8 मिलिलिटर. पोटरीत ते मावतं. बोटाच्या टोकाला किंवा पापणीजवळ जेवढं बसेल तेवढंच देतात, कारण दाब वाढला तर तिथलं रक्त थांबू शकतं. जखमेत दुखतं म्हणून "कमरेवरच द्या ना डॉक्टर" असा आग्रह धरू नका. कमरेवर दिलेल्या सीरमचा पोटरीतल्या विषाणूशी सामना जवळपास होतच नाही. पहिल्या लसीनंतर 7 दिवस उलटले तर सीरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात. पण माणूस आधी लसच न घेता उशिरा आला असेल, तर दोन्ही एकदम सुरू करतात.

"चोवीस तास झाले, आता काय उपयोग?" म्हणून घरी बसणं हा तितकाच घातक समज. विषाणू वाटेत कुठे आहे हे कोणालाच दिसत नाही, म्हणून आठवडा गेला असला, महिना गेला असला, तरी लस सुरू करायचीच. उशीर वाईटच, पण न घेणं त्याहून वाईट. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र खरोखर उपाय उरत नाही. जुनी, भरलेली जखम अचानक खाजू लागते, मुंग्या येतात, मग पाण्याचा घोट घेताना घसा आवळतो, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. काही घरांत याला बाहेरची बाधा म्हणतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस भगताकडे जातात. तोवर विषाणू मेंदूत पोहोचलेला असतो, आणि तिथून पुन्हा मज्जातंतूंनीच लाळेच्या ग्रंथींकडे उतरलेला असतो. त्या टप्प्यावर लस असो की सीरम, हाती काहीच लागत नाही.

राहिला प्रश्न आबांच्या निकालाचा. कुत्रं घरचं आहे, खातंय-पितंय, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. पिसाळण्याची चिन्हं दिसण्याच्या काही दिवस आधीच त्याच्या लाळेत विषाणू येऊ शकतो. 10 दिवस नजर ठेवायची ती याचसाठी. 10 दिवसांनीही ते ठणठणीत असेल तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण ही निगराणी लस सुरू करून करायची, लस लांबवून नाही. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा. सातपुड्याच्या पायथ्याला कोल्हा, लांडगा चावला तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. "नुसतं नख लागलं" म्हणणाऱ्यांसाठी दवाखान्यातली एक साधी खूण: ओरखड्यावर स्पिरिट लावल्यावर चुणचुणलं, तर कातडी फाटली आहे. रक्त नसेल तर लस, रक्त असेल तर लस आणि सीरम दोन्ही.

पन्नाशीच्या पुढचे लोक लस टाळतात त्याचं कारण मला घरातच सापडलं. माझ्या काकांना लहानपणी बेंबीभोवती टोचलेली इंजेक्शनं अजून आठवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली लस होती. भारतात तिचं उत्पादन 2004 अखेर थांबलं. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर, कातडीच्या आत, 0.1 मिलिलिटरची एकेक टोचणी. मसूरएवढा फुगवटा येतो आणि जिरतो. मटण बंद, अंडं बंद, आंबट बंद, असलं कोणतंही पथ्य या लसीला नाही. पथ्याच्या भीतीने लग्नसराईत डोस टाळणारे मी पाहिलेत.

घोळ होतो तो तारखांत. 0, 3, 7 आणि 28 असे दिवस असतात आणि पहिल्या टोचणीचा दिवस 'शून्य' धरायचा. 1 तारखेला सुरुवात केली तर पुढच्या 4, 8 आणि 29. तिसऱ्या डोसपर्यंत जखम सुकते, कुत्रंही गल्लीत शेपूट हलवत फिरत असतं, आणि 29 तारीख विसरली जाते. एखादी तारीख हुकली तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला डोस लगेच घ्या. धुळ्याचं हिरे रुग्णालय असो, जळगावचं शासकीय रुग्णालय असो की गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, केसपेपर हातात पडला की आधी घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर या चारही तारखांना पेनाने गोल करा. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारीच केलेत तरी चालेल, तिथे रोज नजर जाते.