चार घसरणी, दोन मोजपट्ट्या

बिटकॉइनच्या भावाचा २०१० पासून आजवरचा आलेख साध्या मोजपट्टीवर उघडला, तर डावीकडे लांबच लांब सपाट माळ दिसतो आणि उजवीकडे एकदम उभा कडा. पहिली सहा-सात वर्षे रेषा तळाला चिकटलेली असते. या चलनाच्या आयुष्यात जे काही घडले ते गेल्या काही वर्षांतच घडले, असा पाहणाऱ्याचा समज होतो. त्याच आलेखाखालचे Log हे बटण दाबले, की माळही जातो आणि कडाही. डावीकडे तीव्र चढ दिसतो, उजवीकडे तो हळूहळू मंदावत जातो आणि मध्ये चार मोठ्या दऱ्या दिसतात.

आकडे तेच असतात. बदलते ती फक्त उभ्या अक्षावरची मोजपट्टी.

साध्या, म्हणजे लिनिअर मोजपट्टीवर प्रत्येक सेंटिमीटरला ठरावीक डॉलर मिळतात. लॉग मोजपट्टीवर प्रत्येक सेंटिमीटरला ठरावीक पट मिळते. १ ते १० हे अंतर जेवढे, तेवढेच १० ते १०० आणि तेवढेच १०,००० ते १,००,०००. भाव २ डॉलरवरून ४ वर गेला किंवा ३०,००० वरून ६०,००० वर गेला, तरी रेषा सारखीच उंची चढते, कारण दोन्ही वेळा पैसे दुप्पट झालेले असतात. विज्ञान शाखेत शिकलेल्यांनी सेमी-लॉग ग्राफ पेपर हाताळलेला असेल. त्याच्या आडव्या रेघा वर जाताना दाट होतात, मग पुन्हा विरळ होऊन पुन्हा दाट होतात. हा प्रकार तोच.

फरक नेमका किती पडतो, हे कागदावर मोजून पाहण्यासारखे आहे. २० सेंटिमीटर उंचीचे दोन कागद घ्यावेत. पहिल्यावर शून्य ते १,००,००० डॉलरची लिनिअर पट्टी आखावी, म्हणजे दर सेंटिमीटरला ५,००० डॉलर. दुसऱ्यावर १ ते १,००,००० ची लॉग पट्टी. त्यात दहापटीचे पाच टप्पे येतात, प्रत्येक ४ सेंटिमीटरचा. आता बिटकॉइनच्या चार प्रसिद्ध घसरणी दोन्हींवर मांडायच्या. सुरुवातीच्या काळातले भाव वेगवेगळ्या एक्स्चेंजवर थोडे वेगळे होते, म्हणून आकडे ढोबळ घेऊ.

पहिली घसरण २०११ ची. जूनमध्ये ३२ डॉलरच्या आसपास गेलेला भाव नोव्हेंबरमध्ये २ डॉलरवर आला. रुपयाचे सहा पैसे उरावेत अशी ही पडझड. लिनिअर कागदावर तिची उंची भरते ०.०६ मिलिमीटर, पेन्सिलच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी. लॉग कागदावर ती ४.८ सेंटिमीटरची दरी आहे. दुसरी घसरण २०१३ च्या अखेरच्या सुमारे १,१५० डॉलरपासून जानेवारी २०१५ मधल्या सुमारे १७० पर्यंतची. लिनिअरवर ती जेमतेम २ मिलिमीटर, लॉगवर ३.३ सेंटिमीटर. तिसरी डिसेंबर २०१७ ते डिसेंबर २०१८ ची, १९,७०० वरून ३,२०० वर. लिनिअरवर ३.३ सेंटिमीटर, लॉगवर ३.२. चौथी नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ ची, ६९,००० वरून १५,५०० वर. एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळले तो काळ. लिनिअरवर ती तब्बल १०.७ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्याहून अधिक कागद. लॉगवर मात्र २.६.

लिनिअर कागद सांगतो, की प्रत्येक घसरण आधीच्यापेक्षा कितीतरी भयंकर होती. लॉग कागद नेमके उलटे सांगतो. टक्केवारी काढली, तर अनुक्रमे ९४, ८५, ८४ आणि ७८ टक्के येतात. गुंतवलेल्या रकमेच्या हिशेबाने २०११ ची घसरण सर्वांत वाईट होती आणि २०२२ ची त्या चौघींत सौम्य. अनेक वर्षांचा कल अभ्यासायचा असेल, तर इथे लॉग कागदावरच विश्वास ठेवावा लागतो. ज्याने ३२ डॉलरला घेतले त्याचे शंभरातले सहाच राहिले. ज्याने ६९,००० ला घेतले त्याचे शंभरातले बावीस-तेवीस राहिले.

लॉग आलेखातली आणखी महत्त्वाची गोष्ट तेजीबद्दलची आहे आणि ती उत्साही मंडळींच्या नजरेतून हमखास सुटते. तळापासून पुढच्या उच्चांकापर्यंत भाव किती पट झाला ते पाहावे. २०११ च्या तळापासून २०१३ च्या उच्चांकापर्यंत सुमारे ५७५ पट. २०१५ पासून २०१७ पर्यंत सुमारे ११५ पट. २०१८ पासून २०२१ पर्यंत २१ पट. २०२२ पासून ऑक्टोबर २०२५ मधल्या सुमारे १,२६,००० डॉलरच्या उच्चांकापर्यंत ८ पट. लॉग कागदावर या चढांची उंची अनुक्रमे ११, ८, ५ आणि ३.६ सेंटिमीटर भरते. लिनिअर कागदावर शेवटचा चढ २२ सेंटिमीटरचा होतो आणि कागदाबाहेर जातो. वाढीचा दर कायम राहिला असता, तर लॉग आलेख सरळ रेषेत चढला असता. तो उजवीकडे कलत गेला आहे. डॉलरमध्ये वाढ मोठी होत असताना पटीमध्ये ती आटत गेली, हे लिनिअर आलेख पाहणाऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणून ‘२०१३ मध्ये दहा हजार टाकले असते तर आज किती झाले असते’ या हिशेबावरून पुढच्या दहा वर्षांचे स्वप्न रंगवणे चुकीचे आहे. आलेखाचा तो उभा भाग संपून बराच काळ लोटला आहे.

लॉगकडे वळलेल्या माणसाचा पुढचा मोह म्हणजे तळ जोडणारी रेषा ओढणे. बाजाराच्या बोलीत ही ट्रेंडलाइन. भाव तिच्याखाली गेला, की ‘ट्रेंड तुटला’ म्हणतात. पण रेषा सरळ ओढली तरी ती कोणत्या पट्टीवर ओढली यावर तिचा अर्थ ठरतो. डिसेंबर २०१८ मधला ३,२०० चा तळ आणि नोव्हेंबर २०२२ मधला १५,५०० चा तळ घेऊ. मध्ये सुमारे चार वर्षे गेली. लिनिअर पट्टीवर रेषा चार वर्षांत १२,३०० डॉलर चढली. तशीच पुढे नेली, तर चार वर्षांनी, २०२६ च्या अखेरीस, ती २७,८०० वर पोचते. लॉग पट्टीवर तीच चार वर्षे जवळजवळ पाचपट वाढीची होतात, आणि रेषा २०२६ च्या अखेरीस सुमारे ७५,००० वर पोचते. त्या वेळी भाव ५०,००० असेल, तर एक अभ्यासक म्हणेल, की आधार कधीच तुटला. दुसरा म्हणेल, की भाव आधाराच्या कितीतरी वर आहे. दोघांचे बिंदू तेच आणि दोघांची फूटपट्टीही सरळच. मुळात दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे तिचे भविष्य फार मनावर घेऊ नये. त्यातही लॉगवरची सरळ रेषा म्हणजे चक्रवाढ दर कायम राहील हे गृहीतक. वरच्या पटींचा उतरता क्रम पाहता बिटकॉइनने ते पाळलेले नाही.

लॉगचा खरा धोका त्याच्या सौम्यपणात आहे. आपल्या कागदावर एखादा अंदाज दुपटीने चुकला, तरी चूक १.२ सेंटिमीटरचीच दिसते. दहा वर्षांच्या आलेखात तेवढे अंतर डोळ्यांना ‘जवळपास बरोबर’ वाटते. ‘प्लॅनबी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विश्लेषकाचे स्टॉक-टू-फ्लो हे प्रारूप याच कारणाने खूप लोकांना पटले होते. नव्या नाण्यांचा पुरवठा जितका कमी, तितका भाव जास्त, असे नाते त्याने लॉग पट्टीवर मांडले. जुने बिंदू रेषेवर सुरेख बसलेले दिसत होते. एप्रिल २०२० च्या सुधारित आवृत्तीत २०२० ते २०२४ या टप्प्यासाठी २,८८,००० डॉलरचा भाव निघाला. प्रत्यक्षात एप्रिल २०२४ पर्यंतचा उच्चांक ७३,७०० च्या आसपास राहिला. उच्चांक धरूनही जवळजवळ चौपट चूक. लॉग कागदावर हे अंतर २.४ सेंटिमीटर भरते. ज्याने त्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले असेल, त्याला तो कागद काही मदत करत नाही.

बुडालेल्या नाण्याच्या बाबतीत तर लॉग पट्टी सरळसरळ दिशाभूल करते. टेराचे लुना हे नाणे मे २०२२ च्या सुरुवातीला ८० डॉलरच्या घरात होते आणि आठवड्याभरात ते सेंटच्या शंभराव्या हिश्श्याच्याही खाली गेले. लॉग पट्टीवर शून्य कुठेच नसते. दहा भागिले दहा, पुन्हा दहा, असे कितीही खाली गेले तरी शून्य येत नाही. त्यामुळे तळाला रांगणाऱ्या या नाण्याचा भाव दुप्पट झाला, की आलेखावर ठसठशीत चढ उमटतो आणि नवख्याला वाटते, नाणे सावरले. ८० डॉलरला घेणाऱ्याच्या दृष्टीने ती हालचाल नगण्य आहे. इथे लिनिअर आलेख खरे बोलतो. रेषा शून्यावर पडलेली आहे आणि तिथेच आहे.

थोड्या काळाचा, उदाहरणार्थ महिन्याभराचा आलेख असेल आणि भाव दहा-पंधरा टक्क्यांत फिरत असेल, तर दोन्ही आलेख जवळजवळ सारखेच दिसतात. आपल्या हातात किती रुपये येणार-जाणार हे पाहायचे असेल तेव्हाही लिनिअर बरा. भाव काही पटींनी बदलला असेल तर लॉग लावावा आणि शेजारी टक्केवारी लिहून ठेवावी. समोर आलेला आलेख कोणत्या पट्टीवर आहे हे उभ्या अक्षावरून लगेच ओळखता येते. सारख्या अंतरावर २०,०००, ४०,०००, ६०,००० असतील तर लिनिअर. १००, १,०००, १०,००० असतील तर लॉग. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या संकेतस्थळावर किमतीच्या अक्षावर उजवे क्लिक केले, की Regular आणि Logarithmic हे पर्याय मिळतात.

भारतीय वाचकाने बिटकॉइनचा आलेख रुपयांत पाहिला, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या अखेरीस ८२ च्या. डॉलर अवघ्या अकरा वर्षांत सुमारे १.८ पट महागला. आपल्या लॉग कागदावर ते एक सेंटिमीटर भरते. रुपयातली रेषा डॉलरमधल्या रेषेपेक्षा तेवढी जास्त चढलेली दिसते आणि २०२२ चा तळही थोडा उथळ दिसतो, कारण त्याच वर्षी रुपयाही घसरत होता.