फ्रेमला लगाम

व्हिडिओ गेममध्ये दिसणारी हालचाल ही एकामागून एक काढलेल्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मालिका असते. ग्राफिक्स कार्डला कोणी थांबवले नाही, तर एक फ्रेम संपताच ते पुढची काढायला घेते. ६० हर्ट्झचा पडदा मात्र सेकंदाला ६० वेळाच, म्हणजे साधारण दर १६.७ मिलिसेकंदांनी, नवे चित्र घेतो. कार्डला एका फ्रेमला ७ मिलिसेकंद पुरत असतील, तर ते सेकंदाला सुमारे १४० फ्रेम काढते. त्यातल्या निम्म्याहून अधिक फ्रेम पडद्यावर धड दिसतही नाहीत, पण त्यांच्यासाठी खर्च झालेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती हटवण्यासाठी पंखा घोंगावत राहतो.

ही उधळपट्टी सर्वांत ठळक दिसते ती हलक्या दृश्यांत. २०१० साली ‘स्टारक्राफ्ट २’ आला, तेव्हा खेळाच्या मेनूमध्ये नुसते बसून राहिले तरी काही संगणक तापू लागले. मेनूत काढण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून कार्ड तेच चित्र अतिशय वेगाने पुन्हापुन्हा काढत होते. त्यावर `variables.txt` या फाइलमध्ये दोन ओळी घालण्याचा उपाय सुचवला गेला. पहिली मेनूसाठी, दुसरी खेळासाठी:

```
frameratecapglue=30
frameratecap=60
```

मर्यादा घातली की कार्ड ७ मिलिसेकंदांत फ्रेम काढून उरलेले जवळजवळ १० मिलिसेकंद विसावते. खरा फायदा त्यापुढे आहे. काम कमी आहे हे ओळखून कार्ड आपला वेग उतरवते आणि कमी वेगाला कमी व्होल्टेज पुरते. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे थोडेसे व्होल्टेज उतरले, तरी उष्णता बरीच घटते. लॅपटॉपमध्ये तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप अनेकदा एकाच तांब्याच्या नळ्यांवर थंड होतात. त्यामुळे एकीचा ताप कमी झाला की दुसरीलाही मोकळीक मिळते.

सेकंदाला किती फ्रेम, या सरासरीपेक्षा डोळ्याला जास्त जाणवते ती दोन फ्रेममधली वेळ. ६० हर्ट्झच्या पडद्यावर व्ही-सिंक चालू असताना सेकंदाला ४० फ्रेम निघाल्या, तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, पुढची ३३.३, मग पुन्हा १६.७. आकडा ४० चा, पण चाल लंगडी. त्यापेक्षा ३० वर मर्यादा घातलेली बरी, कारण तेव्हा प्रत्येक फ्रेम बरोबर दोन पाळ्या टिकते. पडद्याचाच वेग बदलता येत असेल, तर आणखी चांगला तोडगा निघतो. ‘स्टीम डेक’ या हातातल्या गेमिंग संगणकाच्या एलसीडी आवृत्तीचा पडदा ४० हर्ट्झवर आणता येतो. तिथे ४० फ्रेमची मर्यादा घातली की प्रत्येक फ्रेम २५ मिलिसेकंद टिकते. हा काळ ३३.३ आणि १६.७ यांच्या नेमका मधला आहे.

मर्यादेचा आकडा ठरवताना यंत्र तापलेले असावे. नव्याने सुरू केलेला लॅपटॉप पहिली काही मिनिटे जोरात धावतो, तापमान कमाल पातळीला भिडले की वेग पाडतो, जरा निवला की पुन्हा चढवतो. हा चढउतारच खेळात हिसक्यांसारखा जाणवतो. म्हणून पंधरावीस मिनिटे खेळून सर्वांत गर्दीच्या प्रसंगात रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हरसारख्या साधनात फ्रेम-टाइमची रेषा पाहावी. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर अशा प्रसंगात ८० फ्रेम मिळत असतील, तर ७२ ही मर्यादा योग्य ठरते, कारण ती पडद्याच्या वेगाच्या नेमकी निम्मी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये मर्यादेची सोय असेल, तर बहुधा तीच वापरावी. तिच्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतला उशीर सहसा कमी राहतो. ती नसेल, तर एनव्हिडिया कार्डच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Max Frame Rate` आहे. एका वेळी एकच मर्यादा चालू ठेवावी, कारण दोन मर्यादा एकमेकींच्या तालात अडथळा आणू शकतात.

रेषा सपाट झाली आणि कार्डचा वापर शंभर टक्क्यांच्या बराच खाली आला, तर मर्यादा काम करते आहे असे समजावे. वापर ९९ टक्क्यांवरच असेल, तर कार्डला तो आकडा गाठताच येत नाही. मर्यादा आणखी उतरवावी किंवा चित्राचा दर्जा कमी करावा. पडदा स्वतःचा वेग फ्रेमप्रमाणे बदलणारा असेल, तर निम्म्या-तिमाहीचा हिशेब लागत नाही; कमाल वेगाच्या तीनचार फ्रेम खाली मर्यादा ठेवली की पुरते. नव्या दृश्यात शेडर तयार होताना बसणारे धक्के मात्र मर्यादेने जात नाहीत. सपाट रेषेत अधूनमधून उंच सुळके दिसतात ते बऱ्याचदा त्यांचेच. आणि ३० फ्रेमच्या मर्यादेत प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे नेमबाजीच्या वेगवान खेळात माउस जड वाटतो. तिथे पंख्याचा थोडा आवाज सोसून मर्यादा वर ठेवावी लागते.